शेरू गाड्यांमागे का धावायचा आणि आम्ही काय केलं

"मॅडम, आमचा शेरू गावठीच आहे, दोन वर्षांचा, घरात एकदम गरीब, पोरं शेपटी ओढतात तरी काही करत नाही. पण गाडी दिसली की संपलं. दूधवाल्याच्या मागं तर रोज लागतो. मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी त्याच्यामुळं ॲक्टिव्हावरनं पडली, मनगट मुरगळलं. आता दिवसभर गेटपाशी साखळीला बांधतोय, चपलेनं मारून पण झालं, उलट जास्तच करायला लागलाय. एकजण म्हणतो शॉक कॉलर आण. आणू का?"

शॉक कॉलर आणू नका, एवढं मी फोनवरच सांगितलं. बाकीचं सांगण्याआधी त्यांच्याकडून एक व्हिडिओ मागवला. गेट नीट बंद, शेरू आत मोकळा, कोणी त्याला हाक मारायची नाही आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला खिडकीतून गुपचूप शूट करायचं. मालक जे सांगतात त्यात "अचानक अंगावर जातो" असं असतं, पण कुत्रं अचानक काही करत नाही हो, आपलं लक्ष उशिरा जातं एवढंच.

व्हिडिओत दिसलं ते असं. शेरू गेटपाशी पसरलेला. घरातल्या कुणालाच काही ऐकू आलेलं नाही आणि याचे कान उभे, तोंड मिटलं, मग उठला, मानेपासून पाठीपर्यंतचे केस ताठ. बाईक कोपऱ्यावर वळली तसा भुंकत कंपाउंडच्या भिंतीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट. बाईक निघून गेली. शेरू टोकाला थांबला, शेपटी वर, तिथल्या झाडावर तंगडी वर केली, मागच्या पायानं माती उकरली आणि रुबाबात परत येऊन बसला.

ती तंगडी बघून माझं निम्मं काम झालं. त्याच्या हिशोबात काय झालं बघा, एक घोंघावणारं काहीतरी माझ्या हद्दीत आलं, मी भुंकलो, धावलो, ते पळून गेलं. बाईकवाल्याला मुळात थांबायचंच नव्हतं, तो ऑफिसला चाललाय, पण हे शेरूला कोण सांगणार. त्या रस्त्यावरनं दिवसाला तीसेक गाड्या जात असतील तर शेरू दिवसाला तीस वेळा जिंकत होता. रोज इतक्यांदा जिंकणारा खेळ कोण सोडेल?

इथे एक फरक सांगते, कारण सगळी कुत्री एकाच कारणानं धावत नाहीत. पूर्वी माझ्याकडे एक बॉर्डर कॉली आली होती, फ्लॅटमध्ये वाढलेली. ती भुंकायची नाही. सायकल दिसली की मान खाली, अंग जमिनीला लागेल इतकं वाकवून टक लावून बघायची आणि मग बाणासारखी सुटायची. ती सायकल, धावणारी पोरं, वाऱ्यानं उडणारी पिशवी, जे हलेल त्याच्या मागे जायची आणि थांबलं की तिला त्यात काही इंटरेस्ट नसायचा. ते मेंढ्या वळवणाऱ्या रक्तातलं काम आहे, शिकारीचाच एक तुकडा, ज्यात बघणं, दबा धरणं, पाठलाग हे सगळं राहिलंय आणि मारणं माणसानं पिढ्यानपिढ्या निवड करून कमी केलंय. अशा कुत्र्याला धावण्यातच मजा येते, बक्षीस वेगळं लागत नाही. शेरूचं तसं नव्हतं. भुंकणं, ताठ केस, ठराविकच रस्ता आणि गाडी थांबली की चार हात लांब राहून भुंकणं, म्हणजे थोडी हद्द आणि बरीचशी धास्ती. (हे तपासायला कुत्रं मोकळं सोडून गाडी आणू नका, बंद गेटच्या आतून किंवा व्हिडिओत दिसतं तेवढं पुरे.)

मग साखळीनं का वाढलं? कारण ती गेटपाशीच बांधली होती. गाडी दिसते, ऐकू येते, जाता येत नाही, नुसता ताण चढत जातो, आणि गाडी जाते ती जातेच, म्हणजे जिंकणं चालूच. चपलेचं तर त्याहून वाईट झालं होतं. शेरू गाडी सोडून परत आला की मार बसायचा, त्यामुळं त्याच्या डोक्यात "शेरू, इकडे ये" म्हणजे मार हे पक्कं बसलेलं. तो हाकेला येईना त्यात त्याची काय चूक. शॉक कॉलरचंही हेच, झटका नेमका गाडी दिसतानाच बसणार, म्हणजे गाडी वाईट असते हे त्याला आधी वाटत होतं ते आता खात्रीनं कळणार. वरून काही कुत्री दबून जातात, भुंकायचं बंद करतात आणि एक दिवस न भुंकता थेट पायाला धरतात.

पहिले पंधरा दिवस मी शिकवणं ठेवलंच नाही, फक्त जिंकणं बंद केलं. गेटला आणि जाळीच्या भागाला खालून चार फूट हिरवं शेडनेट लावलं. सकाळी दूधवाल्याच्या वेळेला आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ शेरू मागच्या अंगणात, त्याच्याजवळ चघळायला काहीतरी. दूधवाले भाऊ चांगले निघाले, कोपऱ्यावरच गाडी बंद करून किटली घेऊन चालत यायला तयार झाले. "माझी पँट वाचत असेल तर चालतोय की," म्हणाले. हे पंधरा दिवस लोकांना कंटाळवाणे वाटतात, काहीच करत नाही आहोत असं वाटतं, पण एकीकडे शिकवायचं आणि दुसरीकडे दिवसाला तीस वेळा जुनाच खेळ चालू ठेवायचा, असं केलं तर महिनोन्महिने काही हलत नाही.

हाकेचा शब्दही बदलला. "इकडे ये" मार खाऊन खराब झालेला, म्हणून नवा शब्द "खाऊ". घरात, गाडी वगैरे काही नसताना, म्हटलं की लगेच तुकडा, रोज दहा-पंधरा वेळा.

मग खरं काम. साहित्य म्हणजे छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, कारण लांब दोरीवर धावत जाऊन गळ्याच्या पट्ट्याला हिसका बसला तर मानेला इजा होते, दहा मीटरची दोरी, आणि उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे. पोळी चालत नाही, पोळी त्याला रोज मिळते. जागा, रविवारची शाळेची मोकळी ग्राउंड. गाडी मेहुण्यांची.

पहिल्या दिवशी गाडी नुसती उभी, बंद. शेरू वीस पावलांवर. त्यानं गाडीकडे बघितलं की चिकन. पुढच्या वेळी गाडी चालू, जागेवरच. मग ढकलत नेली, मग हळू चालवली. क्रम एकच, आधी गाडी, मग चिकन, आणि गाडी गेली की चिकन बंद. लोक इथे हटकून चुकतात, खिशातली पिशवी आधी वाजवतात आणि मग गाडी येते, म्हणजे कुत्र्याला कळतं की चिकन निघालं की ते वाईट काहीतरी येतं. उलटाच धडा.

अंतर बरोबर आहे का हे मोजायला टेप लागत नाही, कुत्र्याचं तोंड बघा. आरामात खातोय तर ठीक. बोटं चावतील असं हिसकावून घेतोय तर जवळ आलात. खायचंच थांबला, तोंड मिटून टक लावली, तर फारच जवळ आलात, काही न बोलता वळा आणि लांब जा. ओरडायचं नाही, दोरी ओढून धरायची नाही. वळण्याचासुद्धा सराव गाडी नसताना आधी केला होता, "चल" म्हटलं की उलट दिशेला वळायचं आणि खाऊ, म्हणजे वेळ आली तेव्हा तो शब्द नवा नव्हता. एका वेळी पाच-सात मिनिटं, बास.

नवव्या की दहाव्या दिवशी मालकांचा फोन आला, आवाज चढलेला. गाडी चालू झाली, शेरूनं गाडीकडे बघितलं आणि स्वतःहून मान वळवून यांच्याकडे बघितलं, "कुठाय माझं" असं. ज्यासाठी सगळं चाललंय ते हेच. तिथून अंतर दर वेळी दोन पावलांनी कमी करत गेलो.

घरातला भाग मात्र मालकांच्या आईनं माझ्याशिवायच केला, आणि माझ्यापेक्षा भारी केला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी गोणपाट टाकलं आणि दूधवाल्यानं कोपऱ्यावरनं हॉर्न दिला की त्यावर भाकरीला थोडी कलेजी लावून तुकडा टाकायचा. महिन्याभरात हॉर्न वाजला की शेरू गेटकडे न जाता गोणपाटावर. म्हणजे गाडीचा आवाज ऐकल्यावर काय करायचं याचं दुसरं उत्तर त्याला मिळालं. नुसतं "नको" शिकवून भागत नाही, त्या जागी काय करायचं ते द्यावं लागतं. कॉलीला गोणपाट पुरलं नसतं. तिला काठीला दोरी आणि टोकाला जुन्या साडीची चिंधी बांधून रोज दहा मिनिटं तिच्यामागे पळू द्यायचो, "पकड" म्हटलं तरच सुटायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं, सोडलं की परत पळायला मिळायचं. धावण्याची भूक भागते आणि ब्रेक पण शिकवला जातो.

मध्ये एकदा घोळ झालाच. पाचव्या आठवड्यात पाहुण्यांनी गेट उघडं टाकलं, बुलेट आली, शेरू पार नाक्यापर्यंत. मालक रडकुंडीला आलेले. मी सांगितलं दोन दिवस काहीच करू नका, बाहेरच नेऊ नका, कारण एवढं तापलेलं कुत्रं लगेच शांत होत नाही, पुढचा एक-दोन दिवस छोट्या आवाजालाही भडकतं. मग परत वीस पावलांपासून, पण या वेळी बुलेट घेऊन. स्प्लेंडर जमली म्हणजे बुलेट जमली असं कुत्र्याचं नसतं, तो आवाज त्याला वेगळाच प्राणी वाटतो. ॲक्टिव्हा, बुलेट, टेम्पो, प्रत्येकाचं थोडं थोडं करावं लागलं, फक्त दर वेळी कमी दिवस लागले.

पण तुमचं कुत्रं आधीच कुणाला चावलं असेल, रक्त आलं असेल, तर हे वाचून घरी सुरू करू नका, आधी तोंडाला लावायच्या जाळीच्या मझलची सवय लावा आणि कुत्र्यांना शिकवणारा माणूस बोलवा. आणि सात-आठ वर्षांचं शांत कुत्रं एकाएकी गाड्यांमागे लागलं तर आधी डॉक्टर, दुखणं किंवा नजर कमी होणं असू शकतं. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षीचं चुकलेलं नको. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना.

आता चार महिने झालेत. शेडनेट अजून आहे, मी काढू नका म्हटलंय. शेरू दोरीवर मुख्य रस्त्याच्या कडेनं चालतो, गाडी गेली की वर बघतो, कधी चिकन मिळतं, कधी नुसतं "शाब्बास". मोकळा मात्र त्याला रस्त्यावर सोडत नाहीत आणि सोडूही नये. दूधवाले भाऊ आता गेटपर्यंत गाडी आणतात, शेरू आतून एकदाच भुंकतो आणि गोणपाटावर जातो. शेजारची मुलगी अजून मागच्या गल्लीतनंच जाते.