ऋतुचक्राची कालरेषा: मधली उभी रेघ आधी काढा

प्रश्न: पुस्तकात संप्रेरकांचा आलेख एका पानावर आणि गर्भाशयाच्या अस्तराची आकृती दुसऱ्या पानावर आहे. हे सगळं एकाच कालरेषेवर कसं काढायचं? आणि पाळी 28 ऐवजी 35 दिवसांनी येत असेल तर आकृतीत नेमकं काय बदलतं?

उत्तर:

ए-फोर कागद आडवा धरा आणि एका दिवसाला 8 मिलिमीटर द्या. 28 दिवसांना 224 मिलिमीटर लागतात, पण रेषा तिथे थांबवू नका. पुढच्या पाळीचे पहिले चार दिवसही काढा, म्हणजे ती 256 मिलिमीटरची होईल आणि कागदावर आरामात मावेल. हे चार दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. नेहमीच्या आकृतीत रक्तस्राव डाव्या टोकाला असतो आणि तो ज्यामुळे होतो ती प्रोजेस्टेरॉनची घसरण उजव्या टोकाला. त्यामुळे त्यांचा संबंधच डोळ्यांना दिसत नाही आणि पाळी एफएसएच या संप्रेरकामुळे येते असा समज होऊन बसतो.

आता एकाखाली एक तीन पट्टे आखा. वरच्या पट्ट्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं. मधल्या पट्ट्यात अंडाशय: बीज असलेली, वाढत जाणारी पुटिका, नंतर तिचंच झालेलं पीतपिंड, आणि त्यांच्या खाली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे वक्र. सर्वांत खाली गर्भाशयाचं अस्तर. हुकूम वरून खाली जातात, म्हणून हा क्रम बदलू नका.

वक्र काढण्याआधी 14 व्या दिवसावर तिन्ही पट्ट्यांमधून एक उभी रेघ ओढा. हे अंडमोचन, म्हणजे पुटिका फुटून बीज बाहेर पडणं. बाकीचं सगळं या रेघेपासून मोजायचं.

डावी बाजू आधी घेऊ. पहिल्या दिवशी एफएसएच थोडं चढलेलं दाखवा. ही चढण आदल्या चक्राच्या अगदी शेवटी सुरू झालेली असते. तिच्यामुळे काही पुटिका एकदम वाढू लागतात. पहिला आठवडा सरता सरता त्यांतली एक पुढे निघते आणि इस्ट्रोजेन व इन्हिबिन हे एफएसएच रोखणारं संप्रेरक बनवून एफएसएचला खाली दाबते. कमी एफएसएचवर बाकीच्या पुटिका तग धरत नाहीत, पुढे गेलेली मात्र धरते. म्हणून साधारण सातव्या दिवसापासून एफएसएचचा वक्र उतरता हवा. बहुतेक वह्यांत तो मधल्या रेघेपर्यंत चढत नेलेला असतो, आणि मग एकच पुटिका का उरते याचं उत्तर त्या आकृतीतून मिळत नाही.

खालच्या पट्ट्यात याच काळात इस्ट्रोजेन अस्तर पुन्हा उभं करतं. रक्तस्रावानंतर ते 2 ते 4 मिलिमीटर उरतं, आणि अंडमोचनापर्यंत साधारण 8 ते 11 मिलिमीटर होतं. पाळीत अस्तराचा वरचा थर जातो, तळचा थर राहतो. नवं अस्तर त्यातूनच येतं, म्हणून अस्तराची जाडी कधीही शून्यावर आणू नका.

आता मधल्या रेघेजवळचे दोन दिवस. इथे घाई नको, कारण इथेच क्रम चुकतो. एरवी इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबून ठेवतं. पण इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, रक्तात मिलिलिटरला सुमारे 200 पिकोग्रॅमच्या वर जाऊन जवळपास दोन दिवस तिथेच राहिलं, की परिणाम उलटतो आणि एलएच उसळतं. एलएचची चढण सुरू झाल्यापासून अंडमोचनाला सुमारे 36 तास लागतात, आणि शिखरापासून 10 ते 12 तास. आपल्या मापात 36 तास म्हणजे 12 मिलिमीटर. तेव्हा एलएचची चढण उभ्या रेघेच्या 12 मिलिमीटर डावीकडे सुरू करा आणि शिखर रेघेच्या जेमतेम 4 मिलिमीटर आधी ठेवा. इस्ट्रोजेनचं शिखर त्याच्याही आधी, रेघेपासून सुमारे 10 मिलिमीटरवर. एलएचसोबत एफएसएचचाही एक बुटका उंचवटा येतो. सगळी शिखरं नेमकी रेघेवर काढली, तर कशामुळे काय झालं हे पुसलं जातं.

रेघेच्या उजवीकडे इस्ट्रोजेन झपकन खाली येतं. फुटलेल्या पुटिकेचं पीतपिंड होतं आणि ते प्रोजेस्टेरॉन बनवू लागतं. त्याचं शिखर अंडमोचनानंतर सुमारे सात दिवसांनी, म्हणजे इथे 21 व्या दिवशी येतं. त्याच सुमारास इस्ट्रोजेनचा दुसरा, पहिल्यापेक्षा बसका उंचवटा असतो. अस्तर आता फारसं जाड होत नाही, त्याचा पोत बदलतो: ग्रंथी नागमोडी होतात, त्यांत ग्लायकोजेन साठतं, सर्पिल रक्तवाहिन्या लांबतात.

दोन्ही संप्रेरकांना एकच मापपट्टी देऊ नका. इस्ट्राडायॉल पिकोग्रॅममध्ये मोजतात, प्रोजेस्टेरॉन नॅनोग्रॅममध्ये, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे 1000 पिकोग्रॅम. हे वक्र आकृतीत जिथे एकमेकांना छेदतात, त्या बिंदूला काहीही अर्थ नसतो.

गर्भ रुजला नाही, तर अंडमोचनानंतर दहाएक दिवसांनी पीतपिंड मावळू लागतं आणि प्रोजेस्टेरॉन घसरतं. या घसरणीपासून दोन बाण काढा. एक खाली: सर्पिल रक्तवाहिन्या आवळतात, वरच्या थराचा रक्तपुरवठा तुटतो, तो सुटून येतो. अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे गर्भाशयाचा स्नायू आकसतो, पोटात कळा येतात त्या यामुळे. दुसरा बाण वर: प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन तिन्ही उतरल्यामुळे पिट्युटरीवरचा दाब जातो आणि एफएसएच चढू लागतं. जादा काढलेल्या चार दिवसांत रक्तस्राव आणि एफएसएचची चढण शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही एकाच घसरणीतून आलेली आहेत.

आता 35 दिवसांचं चक्र. उजवा भाग पीतपिंडाच्या आयुष्याने बांधलेला असतो, तो बहुधा 12 ते 14 दिवसांचाच राहतो. ताणला जातो तो डावा भाग. म्हणजे उभी रेघ 35 उणे 14, म्हणजे 21 व्या दिवशी सरकते आणि उजवीकडचे सगळे वक्र जसेच्या तसे तिच्यासोबत जातात. अख्खी आकृती रबरासारखी ताणून रेघ साडेसतराव्या दिवशी आणणं चूक आहे.

याचा परिणाम तपासणीवर होतो. अंडमोचन झालं का हे पाहण्यासाठी 21 व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासायला सांगतात, पण तो दिवस 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे. 35 दिवसांच्या चक्रात त्या दिवशी अंडमोचन जेमतेम होत असतं, प्रोजेस्टेरॉन 1 नॅनोग्रॅमच्या आसपास येतं, आणि बीजच तयार होत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. इथे रक्त 28 व्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी द्यायला हवं. तेव्हा आकडा 3 च्या वर आला तर अंडमोचन झालेलं आहे. लघवीतलं एलएच पाहणाऱ्या पट्टीचंही तेच: 28 च्या चक्रात ती दहाव्या-अकराव्या दिवसापासून वापरतात, 35 च्या चक्रात सतराव्यापासून. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात मात्र एलएच मुळातच चढलेलं असू शकतं, तिथे नुसत्या पट्टीवर विसंबू नका.

आणि अंडमोचन झालंच नाही, तर उजवा भागच नसतो. पीतपिंड नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर फक्त इस्ट्रोजेनवर वाढत राहतं आणि कुठेतरी ढासळून, वेळेचा धरबंध नसलेला, कधी थोडा कधी खूप रक्तस्राव होतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत आणि रजोनिवृत्तीच्या आधी अशी चक्रं बरीच असतात. या आकृतीत वरच्या पट्ट्यात एलएचचं शिखर नसतं आणि मधल्या पट्ट्यात प्रोजेस्टेरॉनची रेषा शेवटपर्यंत तळाशी सपाट जाते.