सकाळी उठायच्या आत डेटा संपतो, मग रात्री फोन वापरतं कोण?

"मॅडम, मुलगा बारावीला आहे. गेले आठ-दहा दिवस रोजचा दीड जीबी डेटा सकाळी उठेपर्यंत संपलेला असतो, बॅटरी पण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तो म्हणतो मी अकराला झोपतो. मिस्टर म्हणतात पांघरुणात घेऊन बघत बसतो. कोणाचं खरं मानायचं?"

असा मेसेज करणाऱ्या ताईंनी सोबत, कोणतं ॲप किती बॅटरी खातं त्या यादीचा एक स्क्रीनशॉट पण पाठवला होता, त्यात इन्स्टाग्राम ४६ टक्के. त्यावरून घरात आदल्या दिवशीच रणकंदन झालेलं.

पण स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात वेळ बघितली तर सकाळचे पावणेआठ, आणि बॅटरी ९५ टक्के. म्हणजे फोन चार्जिंगवरून काढून जेमतेम अर्धा तास झालेला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते ॲपपुढचे टक्के म्हणजे अख्ख्या बॅटरीचे टक्के नसतात, शेवटच्या फुल चार्जनंतर जेवढी बॅटरी खर्च झाली त्यातला वाटा असतो. इथे खर्चच पाच टक्के, त्यातले ४६ टक्के म्हणजे बॅटरीचे सव्वादोन टक्के. दात घासता घासता दहा मिनिटं इन्स्टा बघितलं तरी एवढं होतं हो! म्हणून मी कायम सांगते, बॅटरीचा स्क्रीनशॉट सकाळचा नको, रात्री चार्जिंगला लावायच्या आधीचा पाठवा, आणि नुसती यादी नको, वरच्या दोन-तीन ॲपवर बोट ठेवून आतलं पान पण पाठवा. आत दोन वेळा वेगवेगळ्या दिसतात, ॲप समोर उघडं होतं तो वेळ आणि ते मागे आपलं आपलं चालू होतं तो वेळ, ज्याला फोन Background म्हणतो. भांडण मिटवायला हाच आकडा लागतो, कारण पहिल्यात माणसाचा हात असतो आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा सेटिंगचा.

त्या रात्रीचा स्क्रीनशॉट आला तर चित्रच बदललं. सगळ्यात वर गुगल फोटोज, २९ टक्के. समोर उघडं दोन मिनिटं, मागे पाच तासांच्या वर. इन्स्टाग्राम खाली गेलेलं, १४ टक्के, पन्नास मिनिटं आणि तीही दिवसाउजेडी.

वडिलांचं म्हणणं यावर असं की हे दिवसाचं झालं, रात्रीचं काय? मुद्दा बरोबर होता. रात्री फोन चार्जिंगला असतो, सकाळी फुल झाला की त्या यादीचा हिशोब नव्याने सुरू, मग रात्रभर काय चाललं ते बॅटरीच्या त्या यादीत सकाळी दिसतच नाही. त्यासाठी डेटाचं पान उघडावं लागतं. सेटिंगमध्ये वरच्या सर्चमध्ये data usage टाकलं की सापडतं, प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये रस्ता वेगळा असतो त्यामुळे शोधत बसू नका. तिथे वर तारखा असतात, हा आकडा कधीपासून कधीपर्यंतचा ते त्या तारखा सांगतात, तेवढ्या कापून स्क्रीनशॉट पाठवला तर काहीच कळत नाही. आणि वायफायचा हिशोब वेगळा असतो, मोबाईल डेटाचाच बघायचा. यांच्या घरी वायफाय नाहीच.

महिन्याचा आकडा मात्र तासाचा हिशोब देत नाही, म्हणून मी एक साधी युक्ती सुचवली. रात्री साडेअकराला, मुलाच्या समोर, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. फोन चालू राहू दे, चार्जरलाच राहू दे, डेटा बंद करू नका. सकाळी सहाला परत काढा. दोन्हीतली वजाबाकी म्हणजे रात्रीचा खर्च, कोणी शपथा घ्यायची गरज नाही.

रात्री: फोटोज १२.३ जीबी, इन्स्टाग्राम ६.६, व्हॉट्सॲप ३.०. सकाळी: फोटोज १३.६, इन्स्टाग्राम ६.६ जिथल्या तिथे, व्हॉट्सॲप ३.१. रात्रीत १.३ जीबी एकट्या फोटोजनी खाल्ला, आणि तो सगळा Background मध्ये. पोरगं खरंच झोपलेलं होतं.

झालं होतं असं. दहाएक दिवसांपूर्वी फोनवर जागा संपल्याचा मेसेज आला, बॅकअप चालू करा असं काहीतरी विचारलं, याने न वाचता हो म्हटलं. गॅलरीत चार वर्षांचे व्हिडिओ, लग्नं, गॅदरिंग, शिवाय व्हॉट्सॲपचं फोल्डर पण बॅकअपला लागलेलं आणि मोबाईल डेटाला मर्यादा काहीच नाही. आता यांच्या पॅकमध्ये डेटा रात्री बाराला नव्याने मिळतो. तोपर्यंत स्पीड पडलेला असल्याने बॅकअप दिवसभर रडतखडत रेटत बसायचा, त्यात बॅटरी जायची, आणि बारा वाजले की फुल स्पीड मिळाला रे मिळाला की पहाटेपर्यंत सगळा कोटा वर ढकलून मोकळा. अपलोड पण डेटाच खातं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ते म्हणतात आम्ही काही डाउनलोडच केलं नाही.

उपाय मग पाच मिनिटांचा. फोटोज उघडून प्रोफाईलच्या गोलावर बोट, सेटिंग, Backup, त्यात मोबाईल डेटाचा पर्याय आहे तो बंद, आणि फोल्डरच्या यादीतून व्हॉट्सॲप काढलं. व्हॉट्सॲपमध्ये Storage and data मध्ये मोबाईल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरायचे ते बंद. फोटोजमध्येच गुगलची जागा पण बघितली, फुकटच्या १५ जीबीपैकी १४.५ भरलेली! अजून अर्धा जीबी गेला असता तर बॅकअप आपोआप थांबला असता खरा, पण जीमेल त्याच जागेत असतं, त्यामुळे मेल येणं पण बंद, आणि बारावीच्या वर्षात फॉर्म-प्रवेशाचे मेल अडकणं परवडत नाही. जुने मोठे व्हिडिओ मामाच्या लॅपटॉपवर कॉपी करून मगच काढले. मगच म्हणते कारण बॅकअप झालेला व्हिडिओ फोटोजमधून डिलीट केला तर सहसा फोनमधून पण जातो आणि गुगलवरून पण.

वडील तर व्हॉट्सॲपचा Background डेटाच बंद करा म्हणत होते. ते करू नका, ॲप उघडेपर्यंत मेसेज येणार नाहीत आणि क्लासचे निरोप चुकतील.

स्क्रीनशॉटची एक हद्द मात्र मी दोघांना सांगितली. कोणतं ॲप किती वेळ, किती डेटा, एवढंच त्यात कळतं. आत काय बघितलं ते कळत नाही, आणि ते हवं असेल तर मुलाशी बोलण्याला पर्याय नाही.

आठवड्याने ताईंचा फोन. फोटोजचा आकडा १३.६ वरच थांबलेला, बॅटरी रात्रीपर्यंत जाते, डेटा पण पुरतो. पण आता इन्स्टाग्राम रोज सातशे एमबी! मी म्हटलं, ताई, जुना आकडा बघा की. महिन्याच्या सुरुवातीच्या दिवसांतही रोज साधारण एवढंच असणार, त्यातूनच ते ६.६ जीबी झाले. तेव्हा कोटा पुरत होता म्हणून कोणी बघितलं नाही आणि नंतर डेटाच उरत नव्हता म्हणून थांबलं होतं. या वेळी त्यांनी आधी मिस्टरांना न सांगता मुलालाच स्क्रीनशॉट दाखवला. त्याने Digital Wellbeing मध्ये इन्स्टाला रोजचा एक तासाचा टायमर लावला, पण रविवार सोडून, अशी अट घातली. रविवारचं काय करायचं यावर अजून घासाघीस चालू आहे.