मारामारीत हात दुखावला, पण पोलिसांनी केस पुढे नेलीच नाही. समोरच्याकडून भरपाई मागता येते का?

येते. माझा दादा आजही म्हणतो की पोलिसांनीच सोडलं म्हणजे विषय संपला, आणि हे साफ चूक आहे म्हणून एवढं लिहितेय. पोलिसांनी केस केली नाही याचा अर्थ मारलंच नाही असा होत नाही, गुन्हा सिद्ध करण्याइतका पुरावा त्यांना दिसला नाही एवढाच होतो. दिवाणी दावा तुमचा स्वतःचा असतो, त्याला पोलिसांच्या होकाराची गरज नसते.

माझं सांगते. पार्किंगमध्ये गाडी आडवी लावण्यावरून शेजारच्या माणसाशी वाजलं, आधी शिवी मी दिली, हे लपवत नाही. त्याने हेल्मेट माझ्या डोक्यावर उगारलं, मी मागे सरले, मग त्याने दोन्ही हातांनी ढकललं आणि मी उजव्या हातावर पडले. माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत याचे दोन तुकडे केले. हेल्मेट उगारलं आणि आता बसणार असं मला वाटलं, ते असॉल्ट, तिथे स्पर्शसुद्धा झालेला नसला तरी चालतो. ढकललं, म्हणजे अंगाला प्रत्यक्ष हात लावला, ते बॅटरी. मी मात्र पोलिसांना फक्त "ढकललं" सांगितलं होतं, हेल्मेटचं बोललेच नाही. त्यानेही उलट तक्रार दिली, दोन साक्षीदारांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि प्रकरण तिथेच थांबलं.

आता खरी अडचण. त्या रात्री एक्स-रे काढला तर त्यात काहीच नाही. डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबलं तेव्हा मी ओरडले, त्यांनी केसपेपरवर तेवढंच लिहिलं आणि दहा-बारा दिवसांनी परत या म्हणाले. दुसऱ्या एक्स-रेत स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर दिसलं. हे हाड असंच असतं, चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. त्याच्या वकिलाने नेमकं हेच पकडलं, की मधल्या दिवसांत बाई घरात कुठेतरी पडल्या असतील. पहिल्या रात्रीची ती एक ओळ, "अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखतं, ढकलल्यामुळे पडल्याचं सांगतात", तिच्यावरच आमचा दावा उभा राहिला. फौजदारीत शंकेला जागा उरली की आरोपी सुटतो, दिवाणीत न्यायाधीश दोन्ही बाजू तोलून कुठलं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते बघतात. त्याच रात्री त्याच जागी दुखणाऱ्या हातापुढे "घरात पडल्या असतील" टिकलं नाही.

मग तो म्हणाला, मी स्वतःचा बचाव केला. बचाव होता हे त्यालाच दाखवायचं होतं, आणि शिवी ऐकून ढकलणं हा बचाव नव्हे. शिवीमुळे भरपाई कापली जाईल अशी मला धास्ती होती, तेव्हा वकीलबाईंनी इंग्लंडमधला 1967 चा लेन विरुद्ध हॉलोवे हा खटला सांगितला: म्हाताऱ्याने आधी अपशब्द वापरले, तरुणाच्या खांद्यावर एक फटकाही मारला, पण तरुणाने त्याच्या डोळ्याजवळ असा ठोसा मारला की 19 टाके पडले. अपील कोर्टाने डिवचण्यावरून भरपाई कमी केली नाही, उलट वाढवली.

रक्कम कशी ठरते विचाराल तर, उपचाराची बिलं सोपी असतात. मी घरी शिवणकाम करते, पगाराची स्लिप नाही, म्हणून ऑर्डरची वही दिली, त्यात प्लॅस्टरच्या आठवड्यांत परत केलेल्या प्रत्येक ऑर्डरवर गिऱ्हाइकाच्या नावासमोर काट मारलेली होती. त्यावर उलटतपासणीत तासभर गेला, पण वही त्या-त्या दिवशीच्या हातची होती, नंतर बसून लिहिलेली नव्हती, म्हणून मान्य झाली. वेदनेचे पैसे वेगळे मागायचे. अपमानाचेही मागता येतात, चारचौघांत झालं असेल तर मागाच.

निकाल माझ्या बाजूने लागला. दादा म्हणतो पैशासाठी केलंस. बिलं मी भरली, काम माझं बुडालं, ते त्या शेजाऱ्याने का भरू नये?

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. नुसता धक्का असेल, लागलं काहीच नसेल, तर दावा जिंकाल पण हातात नाममात्र येईल आणि खर्च त्याहून जास्त होईल. समोरच्याकडे काहीच नसेल तर निकालाचा कागद घेऊन वसुलीसाठी पुन्हा फिरावं लागतं, मला हप्त्याहप्त्याने मिळाले. दोघांनी ठरवून हातघाईवर आला असाल तर "तूही राजी होतास" हा बचाव तो घेणार. आणि दाव्याला मुदत असते, पोलीस काही करतील म्हणून वाट बघत बसलात तरी ती थांबेलच असं नाही, ती तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

तुमचा हात नेमका कुठे दुखतोय ते लिहिलं नाहीत. अंगठ्याच्या बाजूला असेल आणि पहिल्या एक्स-रेवरच थांबला असाल, तर वकिलाच्या आधी दुसरा एक्स-रे काढून घ्या.