टक्केवारी नको, नेहमीची किंमत सांगा

प्रश्न: "टेलिग्रामवर डील्सचं चॅनल चालवतो. दुकानाने दाखवलेलीच सूट टाकतो, तरी लोक 'खोटे डिस्काउंट टाकता' म्हणून निघून जातात. काय चुकतंय?"

दुकान दाखवतं ती टक्केवारी एमआरपीवरून काढलेली असते आणि गोम तिथेच आहे. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किती घेता येतील याची मर्यादा. मिक्सर, इअरफोन, ट्रॉली बॅग अशा वस्तू त्या किमतीला क्वचितच विकल्या जातात. म्हणून "६०% सूट" वर्षभर तशीच दिसत राहते.

लिंक टाकण्याआधी किमतीचा इतिहास बघा. अ‍ॅमेझॉनच्या वस्तूंसाठी Keepa या साइटवरचा आलेख पुरेसा आहे. समजा, मिक्सरची एमआरपी ६,००० आहे आणि सेलमध्ये तो २,४०० ला दिसतोय. तीन महिन्यांचा आलेख सांगतो की तो बहुतेक दिवस २,५०० लाच मिळत होता. सेलच्या दहा दिवस आधी तो ३,२०० वर नेला आणि मग "उतरवला". खरी बचत शंभर रुपये, म्हणजे ४ टक्के. ही डील टाकूच नका. तोच मिक्सर १,९५० ला आला तर जरूर टाका आणि सोबत लिहा: "नेहमी २,५०० च्या आसपास, आज १,९५०." एमआरपीचा उल्लेखही नको.

आलेख बघताना रंग आणि साइज तोच आहे ना, हे तपासा. पर्याय बदलला की किंमत आणि तिचा इतिहासही बदलू शकतो. बँक कार्डाची सूट आलेखात दिसत नाही. ती धरून किंमत लिहायची असेल तर "अमुक कार्डावर" हे त्याच ओळीत हवं. कार्ड नसलेला माणूस लिंक उघडतो, त्याला वेगळाच आकडा दिसतो आणि त्याच्या लेखी तुम्ही खोटे ठरता.

तुमच्या लिंकवरून खरेदी झाली की दुकान तुम्हाला कमिशन देतं, पण ते विक्रीच्या रकमेवर मिळतं, ग्राहकाच्या बचतीवर नाही. म्हणजे फसव्या डीलवरही तुम्हाला तेवढेच पैसे. लोकांचा संशय इथूनच सुरू होतो आणि तो मला रास्त वाटतो. त्यामुळे "या लिंकवरून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही" हे चॅनलच्या माहितीत तर लिहाच, पण पोस्टखालीही लिहा. अ‍ॅमेझॉनच्या अटींनुसार ते सांगणं बंधनकारकही आहे. शिवाय वस्तू परत गेली की तिचं कमिशनही जातं, तेव्हा घाईने गळ्यात मारलेल्या मालातून तुमच्या हाती फारसं काही उरत नाही.

संपलेल्या डीलची पोस्ट पुसू नका, तीच एडिट करून वर "संपली" आणि वेळ लिहा. नवीन माणूस चॅनलमध्ये आला की मागच्या पोस्ट चाळतो. तेव्हा त्याला कुठली डील किती वाजता आली आणि कधी संपली हे दिसू द्या.