माइनस्वीपर: पहिल्या क्लिकचा सुरुंग जातो कुठे?

प्रश्न: माइनस्वीपरमध्ये माझी पहिली क्लिक कधीच सुरुंगावर पडत नाही. सुरुंग आधीच ठरलेले असतात ना, मग हे कसं?

जुन्या विंडोजमधल्या खेळात ते आधीच ठरलेले असत. पहिली क्लिक सुरुंगावर पडलीच, तर तो सुरुंग उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला जाई. तिथे आधीच एक असेल तर शेजारच्या रिकाम्या घरात. त्यामुळे एक्स्पर्टच्या 480 घरांत 99 सुरुंग असताना, म्हणजे एरवी प्रत्येक घराला साधारण 21 टक्के शक्यता असताना, त्या कोपऱ्यात सुरुंग असण्याची शक्यता 37 टक्क्यांच्या आसपास जाते. पहिली क्लिक दुसरीकडे केली असेल, तर तो कोपरा जपूनच उघडावा.

मला दुसरी पद्धत जास्त पटते: क्लिक होईपर्यंत सुरुंग पेरायचेच नाहीत. समजा, तुम्ही मधलं घर उघडलं. ते आणि त्याचे आठ शेजारी वगळले की 471 घरं उरतात. त्यांची यादी करायची, ती पत्त्यांसारखी पिसायची आणि पहिल्या 99 घरांत सुरुंग ठेवायचे. आकडे त्यानंतर मोजायचे. कोपऱ्यात क्लिक केली तर वगळायची घरं चारच.

शेजारी वगळणं महत्त्वाचं आहे. फक्त क्लिक केलेलं घर वाचवलं, तर बहुतेक वेळा तिथे नुसता 1 किंवा 2 दिसतो आणि पुढची चाल निव्वळ अंदाजाने करावी लागते. शेजारी मोकळे असले की शून्य येतं आणि एक मोठा तुकडा आपोआप उघडतो. पुढे कुठेच अंदाज लागणार नाही, याची हमी मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी खेळाने तो पट आधी स्वतः सोडवून बघावा लागतो.