घनता बदलत जाणाऱ्या सळईसाठी ⅓ML² का चालत नाही?

प्रश्न: २ मीटर लांबीची बारीक सळई आहे, रेषीय घनता λ = 2 + 3x (किग्रॅ/मी, x एका टोकापासून मीटरमध्ये). मी वस्तुमान १० किग्रॅ काढलं आणि x = 0 टोकातून जाणाऱ्या अक्षाभोवती ⅓ML² वापरून मोमेंट ऑफ इनर्शिया १३.३३ काढला. पुस्तकात १७.३३ आहे. माझं वस्तुमान तर बरोबर आहे, मग चुकतंय कुठे?

उत्तर: वस्तुमान बरोबर आहे. चूक त्या ⅓ मध्ये आहे.

⅓ML² पाठ असतं म्हणून ते कुठल्याही सळईचं सूत्र वाटतं, पण ⅓ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. सळईच्या प्रत्येक कणाचं अक्षापासूनचं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वस्तुमानावर त्या वर्गांची सरासरी काढायची. वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर ही सरासरी L²/3 येते. म्हणजे ⅓ लिहिताक्षणी तुम्ही "घनता सगळीकडे सारखी आहे" हे गृहीत धरलंत. तुमच्या सळईत x = 0 पाशी मीटरला २ किलो आणि दुसऱ्या टोकाला मीटरला ८ किलो असा चौपट फरक आहे. जड भाग अक्षापासून लांब आहे, तेव्हा सरासरी वाढणारच.

वस्तुमानाच्या बाबतीत ही अडचण का आली नाही, ते बघा. घनता सरळ रेषेत वाढते, म्हणून दोन टोकांची सरासरी (२ + ८)/२ = ५ काढून लांबीने गुणलं तरी १० किलो बरोबर येतात. वस्तुमान काढताना कुठला तुकडा कुठे बसलाय याच्याशी घेणंदेणं नसतं, सगळं नुसतं एकत्र करायचं असतं. मोमेंट ऑफ इनर्शियात मात्र तुकडा *कुठे* आहे हाच सगळा प्रश्न. त्यामुळे सरासरी घनता वस्तुमान बरोबर देते आणि मोमेंट ऑफ इनर्शियात फसवते. हा फरक मनात पक्का बसवायचा असेल तर इंटिग्रेशनला हात लावण्याआधी सळई कागदावर कापून बघा. मी अकरावी-बारावीच्या मुलांना नेहमी हेच करायला लावतो.

अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चार तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची घनता त्याच्या मध्यावरची धरा आणि तुकड्याचं सगळं वस्तुमान त्या मध्यावरच आहे असं माना:

| तुकड्याचा मध्य x (मी) | λ (किग्रॅ/मी) | वस्तुमान (किग्रॅ) | वस्तुमान × x² |
|---|---|---|---|
| 0.25 | 2.75 | 1.375 | 0.09 |
| 0.75 | 4.25 | 2.125 | 1.20 |
| 1.25 | 5.75 | 2.875 | 4.49 |
| 1.75 | 7.25 | 3.625 | 11.10 |

वस्तुमानांची बेरीज बरोबर १०. शेवटच्या रकान्याची बेरीज १६.८८. चारच तुकड्यांत आपण १३.३३ च्या बरेच पुढे गेलो आणि १७.३३ च्या जवळ पोचलो. थोडं कमी पडलं, कारण तुकड्याचं सगळं वस्तुमान मध्यावर गोळा केलं की त्या तुकड्याच्या आतलं पसरणं हिशेबातून निसटतं. एकेका डेसिमीटरचे वीस तुकडे केलेत तर बेरीज १७.३१५ येते.

आता तक्त्याची पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवा. अक्षाजवळच्या अर्ध्या मीटरचं योगदान एक टक्कासुद्धा नाही. शेवटच्या अर्ध्या मीटरचं योगदान जवळजवळ दोन तृतीयांश आहे, आणि वस्तुमान मात्र एक तृतीयांशाहून जरासंच जास्त. लांबचा तुकडा दोनदा भाव खातो: एकदा जड असल्यामुळे आणि एकदा अंतराच्या वर्गामुळे. सरासरी घनता घेतलीत की यातली पहिली गोष्ट पुसली जाते.

तुकडे बारीक करत नेले की तेच इंटिग्रेशन. dx लांबीच्या तुकड्याचं वस्तुमान `dm = (2 + 3x) dx`, मग

```
M = ∫₀² (2 + 3x) dx      = 4 + 6       = 10
I = ∫₀² x² (2 + 3x) dx   = 16/3 + 12   = 17.33
```

दुसऱ्या ओळीत x² आधी कंसात गुणून घ्या: `2x² + 3x³`. इथे घाई करून x² चं इंटिग्रेशन वेगळं, घनतेचं वेगळं आणि मग दोघांचा गुणाकार करणारे बरेच जण असतात. तसं केलंत तर (8/3) × 10 = 26.67 येतं, आणि त्याची एककंसुद्धा किग्रॅ·मी³ अशी भलतीच निघतात. एककं बघायची सवय इथे खरंच उपयोगी पडते. λ मधल्या २ चं एकक किग्रॅ/मी आहे आणि ३ चं किग्रॅ/मी². हे एकदा मांडलं की कुठली पदं एकत्र येऊ शकतात ते लगेच दिसतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं, पण पुढचा उपप्रश्न बहुतेक "दुसऱ्या टोकाभोवती काढा" असा असेल आणि त्यात याहून वाईट खड्डा आहे, म्हणून तोही सांगतो. समांतर अक्षाचं प्रमेय वापरताना मुलं पहिल्या टोकाची किंमत घेऊन त्यात ML² मिळवतात किंवा वजा करतात. प्रमेय दोन टोकांमध्ये थेट चालत नाही. त्यातला एक अक्ष वस्तुमानकेंद्रातूनच जायला हवा. आणि या सळईचं वस्तुमानकेंद्र मधोमध नाही, हे विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. ते आधी काढा:

```
∫₀² x (2 + 3x) dx = 4 + 8 = 12
x_cm = 12 / 10 = 1.2 मी
```

म्हणजे केंद्र हलक्या टोकापासून १.२ मीटरवर आणि जड टोकापासून ०.८ मीटरवर. आता आधी केंद्राकडे *या*, म्हणजे वजा करा, आणि मग तिथून दुसऱ्या टोकाकडे *जा*, म्हणजे मिळवा:

```
I_cm  = 17.33 − 10 × 1.2² = 17.33 − 14.4 = 2.93
I_जड  = 2.93 + 10 × 0.8²  = 2.93 + 6.4   = 9.33
```

त्याच सळईचा, त्याच लांबीचा, पण जड टोकाशी धरलं तर मोमेंट ऑफ इनर्शिया १७.३३ वरून ९.३३ वर येतो. बांबूची काठी बुंध्याकडून धरून फिरवा आणि मग शेंड्याकडून धरून फिरवा, मनगटाला हाच फरक कळतो.

ही दोन उत्तरं तपासायचा एक मार्ग मला फार आवडतो. अशा दोन सळया घ्या आणि एक उलटी करून दुसरीला चिकटवा, एकीचं हलकं टोक दुसरीच्या जड टोकाशी. आता कुठल्याही जागी एकूण घनता किती? एकीची 2 + 3x, उलट्या सळईची 2 + 3(2 − x). बेरीज सगळीकडे १०. म्हणजे जोडी मिळून २० किलोची एकसारखी सळई झाली, आणि तिला ⅓ML² अगदी रीतसर लागू पडतं: ⅓ × 20 × 4 = 26.67. आपली दोन उत्तरं मिळवा: 17.33 + 9.33 = 26.67 (शेवटच्या अंकातला फरक पूर्णांकीकरणाचा). तुमचं १३.३३ कुठून आलं तेही इथे दिसतं. ती दोन टोकांच्या उत्तरांची सरासरी आहे, दोन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. पण ही युक्ती घनता सरळ रेषेत बदलते तेव्हाच चालते. λ मध्ये x² आला की बेरीज एकसारखी राहत नाही.

आणि x² येतो, बरं का, बऱ्याचदा न सांगता येतो. गणितात "निमुळती सळई, त्रिज्या सरळ रेषेत वाढते, पदार्थ एकच" असं दिलेलं असलं की काही जण λ सुद्धा सरळ रेषेत वाढते असं धरून चालतात. λ म्हणजे पदार्थाची घनता गुणिले छेदाचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. तिथे λ मध्ये x² असणारच. दिलेली घनता प्रति मीटर आहे की प्रति घनमीटर, हे गणित वाचतानाच अधोरेखित करा. आणि सळई "बारीक" म्हटली आहे ती जाडी सोडून देता यावी म्हणून. २ सेंमी त्रिज्येची गोल सळई असती तर जाडीमुळे मोमेंट ऑफ इनर्शियात भर पडली असती ती साधारण ०.००१ ची, तेव्हा इथे सोडून दिलेलं बरोबरच आहे.

हे सगळं हाताने पडताळता येतं. सळई एका टोकाला खिळ्यावर टांगून थोडीशी झुलवली तर एका झोक्याचा काळ `T = 2π√(I / Mgd)`, यात d म्हणजे खिळ्यापासून वस्तुमानकेंद्रापर्यंतचं अंतर. आपल्या सळईला हलक्या टोकाने टांगलं तर d = 1.2 आणि T सुमारे २.४१ सेकंद. जड टोकाने टांगलं तर d = 0.8 आणि T सुमारे २.१७ सेकंद. एकसारखी सळई असती तर दोन्हीकडून २.३२. दहा झोके मोजलेत तर २४.१ आणि २१.७ सेकंद, म्हणजे मोबाइलच्या स्टॉपवॉचवरही स्पष्ट दिसेल एवढा फरक. इथे दहा किलोची सळईच हवी असं नाही. M वर आणि खाली दोन्हीकडे असल्यामुळे सगळीकडची घनता दहाव्या हिश्शावर आणली तरी काळ तोच राहतो.

घरात शेंड्याकडे निमुळती होत गेलेली लांब काठी असेल तर दोन्ही टोकांना आरपार भोक पाडा आणि खिळ्यावर टांगून दोन्हीकडून दहा-दहा झोके मोजा. मग काठी बोटावर तोलून केंद्र शोधा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि वरच्या सूत्रातून I उलटा काढा. दोन टोकांच्या I मधला फरक आणि `M(d₁² − d₂²)` या दोन किमती जुळल्या, तर मोजमाप आणि प्रमेय दोन्ही बरोबर वापरलंत. आपल्या सळईत तो फरक 10 × (1.44 − 0.64) = 8, आणि 17.33 − 9.33 सुद्धा ८ च.