पत्रातच प्रश्नांची उत्तरं मागितली असतील तर

> "अकाउंटंटच्या जाहिरातीत लिहिलंय, अर्जाच्या पत्रातच सांगा: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, कधी रुजू व्हाल, जीएसटी रिटर्न स्वतः भरलेत का. बायोडेटात सगळं आहेच, मग परत लिहायचं? आणि पगाराचं टाळलं तर चालेल?"

लिहायचंच, आणि त्यांनी विचारलंय त्याच क्रमाने. अर्ज चाळणारा माणूस हे चार रकाने भरत बसलेला असतो. बायोडेटात शोधायला लावलंत की तो पुढच्या अर्जाकडे वळतो. (हे खाजगी नोकरीबद्दल. सरकारी भरतीतलं मला विचारू नका.)

पगार टाळू नका, पण कुठला आकडा ते लिहा. समजा ग्रॉस ३२,००० आहे आणि त्यात बेसिक १६,०००. तुमचे पीएफचे १,९२० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापून हातात २९,८८० येतात. कंपनीही तेवढाच पीएफ भरते, तो आणि ग्रॅच्युइटी धरून सीटीसी मात्र चौतीस हजारांच्या वर जातो. नुसतं "३०,०००" लिहिलंत तर समोरचा तो सीटीसी समजतो आणि ऑफर तिथूनच मोजायला लागतो. अपेक्षाही त्याच भाषेत सांगा. "कंपनीच्या नियमानुसार" हे माझ्या मते उत्तरच नाही.

माझा घात झाला तो तिसऱ्या प्रश्नात. नियुक्तीपत्रात नोटीस एक महिन्याची होती, तसंच मी पत्रात कळवलं. राजीनामा दिल्यावर एचआरने मधल्या काळात आलेलं एक परिपत्रक पुढे केलं: ९० दिवस. माझी त्यावर सही नव्हती. शेवटचा दिवस लेखी द्या म्हटलं, तर रोज "साहेबांशी बोलून सांगतो". पैसे भरून सुटायची माझी तयारी होती, त्यालाही नकार. नवी कंपनी थोडी थांबली, मग दुसऱ्याला घेतलं. त्या एचआरवर अजून राग आहे, असो. तेव्हा आधी नियुक्तीपत्र आणि नंतर आलेले पॉलिसीचे मेल काढून वाचा, मगच लिहा: "नोटीस ६० दिवस. शिल्लक रजा वळती झाल्यास ४५ दिवसांत येऊ शकेन, मात्र ते सध्याच्या कार्यालयाच्या मंजुरीवर अवलंबून आहे." लांबची तारीख दिली तर अर्ज बाद होईल ही भीती खरी आहे, पण ऑफर हातात घेऊन अडकण्यापेक्षा ते परवडलं.

जीएसटीला नुसतं "हो" पुरत नाही. "दरमहा ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० च्या आत ३बी मी स्वतः भरतो, त्याआधी खरेदी रजिस्टर २बीशी जुळवतो" असं लिहा. आकडे तुम्ही काढता आणि पोर्टलवर सीएच्या ऑफिसातून भरलं जातं, असं असेल तर तसंच सांगा. मुलाखतीत "२बीत बिल दिसलं नाही तर काय करता?" एवढं विचारलं की खरं-खोटं कळतंच.

आणि हे सगळं मेलमध्येच टाइप करा. पत्र वेगळं जोडलंत तर बरेच जण फक्त बायोडेटा उघडतात.